बादलीचा नळ किती उंचीवर घ्यावा?

प्रश्न: जुळे सोलापुरात घर बांधतोय. आंघोळ बादली-मग्ग्यानेच. बाथरूमला बिब कॉक लावू की पिलर कॉक, आणि किती उंचीवर?

बिब कॉक, म्हणजे भिंतीतून आडवा बाहेर येणारा नळ. पिलर कॉक बेसिनच्या किंवा कट्ट्याच्या भोकात उभा बसतो, पाणी त्याला खालून येतं. त्याच्या तोंडाखाली बेसिन असतं, तिथे बादली ठेवणार कुठे? तो बेसिनलाच शोभतो.

उंची दुकानदाराला नको, आपल्या बादलीला विचारा. समजा बादली 14 इंच उंच आहे. भरलेली बादली ओढताना कडी उभी राहते आणि मग्गाही नळाखाली धरायचा असतो, म्हणून वर 7 इंच मोकळी जागा. नळाचं तोंड त्याच्या मध्यापासून साधारण 3 इंच खाली येतं. बेरीज 24 इंच. पाटावर बसून आंघोळ करणाऱ्यालाही तिथे हात सहज पोचतो. नळ 18 इंचांवर आला तर बादली तिरकी करून आत सरकवावी लागते. 30च्या वर गेला की बादली भरताना शिंतोडे भिंतभर.

गडबड होते ती वेगळ्याच ठिकाणी. हे 24 इंच तयार फरशीपासूनचे. प्लंबर पाइप टाकतो तेव्हा खाली नुसता कोबा असतो. वर माल आणि टाइल मिळून अडीच इंच चढणार असतील, तर नळ ज्यात बसतो तो एल्बो कोब्यापासून साडेसव्वीस इंचांवर हवा. गवंड्याकडून फरशीची लेव्हल भिंतीवर आधी मारून घ्या आणि माप त्या रेघेवरून धरा. एल्बोचं तोंड टाइलच्या पृष्ठभागाशी बरोबर यायला हवं. आत राहिलं तर नळ पुरेसा आवळला जात नाही किंवा त्याच्या मागची चकती, म्हणजे फ्लँज, भिंतीत रुततो. मग एक्स्टेन्शन निपल लावावा लागतो.

नळ लाँग बॉडीचा घ्या. आखूड नळाची धार बादलीच्या काठावर पडते, कारण बादली भिंतीला टेकली तरी तिचा मध्य सहा-सात इंच पुढे असतो. तोंडाला जाळी असलेला फोम फ्लोचा नळ इथे नको. बोअरचं पाणी जड असेल तर जाळीत क्षार साचतात आणि टाकीच्या आधीच कमी असलेल्या प्रेशरला धार आणखी बारीक होते. गरम-थंड दोन नळ असतील तर डावीकडे गरम, मध्ये 6 इंच अंतर. म्हणजे बादली न हलवता दोन्ही धारा आत पडतात.

आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे बाथरूममध्ये पिंप असतंच. 200 लिटरचं पिंप जवळपास 3 फूट उंच. त्यासाठी बादलीचा नळ वर नेऊ नका. पिंपासाठी पाइप चढवता येईल असा नोझलचा वेगळा नळ कोपऱ्यात घ्या.