मसाल्याच्या बरणीतले तीळ

सांगली,
चैत्र

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद,

तुझा फोन ठेवला आणि रात्री बराच वेळ झोप आली नाही. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. बाळीला तिळाची अॅलर्जी आहे हे तपासणीत निघालं, आणि त्याच आठवड्यात तू घरातले तीळ, तिळगुळाचा उरलेला डबा, तिळाची चटणी सगळं उचलून बाहेर काढलंस. ते चांगलंच केलंस. तरी पंधरा दिवसांनी साधी आमटी-भात खाऊन तिच्या अंगावर गांधी उठल्या आणि तिला उलटी झाली. तू म्हणालीस, "मामी, आमटीत तीळ नव्हतेच." होते गं. कांदा-लसूण मसाल्यात होते.

आमच्या थोरल्याचंही असंच झालं होतं. तो दोन वर्षांचा असताना मी संक्रांतीला राखण करत बसायचे. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या हातातून तिळगूळ काढून घ्यायचे. आणि रोज संध्याकाळी मीच चमचाभर मसाला फोडणीत टाकत होते. भाकरीवरचा तीळ दिसतो तरी. मसाल्यातला भाजून, कुटून, लाल होऊन बसलेला असतो. शिवाय अख्खा तीळ कधी न चावता तसाच पोटातून निघून जातो, पण कुटलेल्यातली प्रथिनं मोकळी झालेली असतात. भाजल्याने त्यांचा जोर कमी होतो असं समजू नकोस. ती उष्णतेला दाद देत नाहीत.

एकदा वहीत हिशेब मांडला होता, तो तुला देते. आपल्याकडे एक किलो मिरचीला साधारण 200 ग्रॅम तीळ, अर्धा किलो खोबरं, पाव किलो धणे, पाव किलो लसूण, एक किलो कांदा, मीठ, तेल आणि बाकीचे गरम मसाले पडतात. कांदा भाजून-तळून आटतो. सगळं मिळून पावणेतीन किलोच्या आसपास मसाला होतो. म्हणजे शंभर ग्रॅम मसाल्यात सात ग्रॅम तीळ. चहाच्या चमच्यात साडेतीन ग्रॅम मसाला धरला तर त्यात पाव ग्रॅम तीळ आले. एक तीळ तीन मिलिग्रॅमचा धरलास तर हे ऐंशी तीळ झाले. चौघांच्या आमटीला चार चमचे मसाला घातलास की प्रत्येकाच्या वाटीत ऐंशी तीळ. त्यातली पाव वाटी जरी बाळीच्या पोटात गेली असेल तरी वीस. काही मुलांना त्याहून कमीही पुरतात.

आता तुझा खरा प्रश्न. वन्सं म्हणतात, बाळीचा मसाला वेगळा करू, घरचा आपला नेहमीसारखा. मीही तेच केलं होतं आणि त्यातच फसले. दोन बरण्या होत्या, एकीला लाल झाकण, एकीला पांढरं. सहा महिने सुरळीत गेले. मग गौरी-गणपतीत घर माणसांनी भरलं, कुणीतरी घाईत घरच्या मसाल्यातला चमचा पोराच्या बरणीत घातला आणि ती बरणी बाद झाली. बाद झाली हे मला कळलं कसं? चार दिवसांनी पोराचे ओठ सुजले तेव्हा. कुणाला बोल लावणार? तो चमचा कदाचित माझ्याच हातचा असेल.

म्हणून माझं मत ऐक, वन्संना मी स्वतः सांगेन: घराचा सगळाच मसाला बिनतिळाचा करा. तीळ मसाल्याला दाटपणा आणि थोडा तेलकटपणा देतात, चवीचा मुख्य भार त्यांच्यावर नसतो. 200 ग्रॅम तीळ काढून 150 ग्रॅम खोबरं वाढवलं तर खाणाऱ्याला फरक कळत नाही, आमच्याकडे कळलेला नाही. रस्सा पातळ वाटला तर त्या दिवशीच्या वाटणात मूठभर फुटाण्याचं डाळं घाल. वर्षाच्या मसाल्यात डाळं नको, त्याला जाळी लागते. खोबरं वाढलं की मसाला लवकर खवट होतो, त्यामुळे वर्षाचा एकदम करू नका. पाव किलो मिरचीचा करा, संपत आला की पुन्हा. शेंगदाणा आणि खसखस मात्र आपल्या मनाने घालू नकोस. तिळाबरोबर शेंगदाण्याची किंवा दुसऱ्या दाण्यांची अॅलर्जी असलेली मुलं असतात, आणि खसखशीलाही काहींना त्रास होतो. डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं की मगच.

डंकावर कुटायचं की नाही, हे विचारलं होतंस. नको. डंकाच्या उखळात आणि मुसळाच्या बुडाशी आधीच्या गिऱ्हाईकाचा मसाला असतोच, आणि चैत्र-वैशाखात आधीच्या प्रत्येक मसाल्यात तीळ असतात. सकाळचा पहिला नंबर लावून, पहिलं पायलीभर मीठ कुटून टाकून द्यायचं, असं मला एका बाईंनी सुचवलं होतं. मी एक वर्ष केलंही. पोराला काही झालं नाही, पण त्या वर्षी मी प्रत्येक घासाला त्याचं तोंड बघत बसले. पाव किलो मिरची घरच्या मिक्सरवर आरामात होते.

फक्त मिक्सरचं भांडं नवं घे. जुन्या भांड्याच्या पात्याखाली आणि झाकणाच्या रबरी रिंगेत काय काय अडकलंय ते एकदा सुई घालून बघ. मी बघितलं तेव्हा अख्खा तीळ निघाला होता, आणि भांडं तीन वेळा धुतलेलं होतं. स्टीलची भांडी, चमचे साबणाने धुऊन वापरता येतात. पाटा-वरवंटा आणि लाकडी खलबत्ता यांच्या भेगांत मात्र कूट मुरलेलं असतं. ते बाळीच्या अन्नाला लावायचेच नाहीत. ज्या तेलात तीळ लावलेली कोथिंबीर वडी किंवा अळूवडी तळली, त्या तेलात तिची पुरी तळायची नाही.

नावातल्या घोटाळ्यानेही माझा एकदा गोंधळ उडाला होता. आपल्याकडे बायका कारळ्यांना 'कारळे तीळ' म्हणतात. कारळे हे तीळ नव्हेत, ती वेगळी वनस्पती आहे, सूर्यफुलाच्या कुळातली. 'काळे तीळ' मात्र खरे तीळच. पण कारळ्याची किंवा जवसाची विकतची चटणी बहुतेक वेळा तिळाच्याच गिरणीत दळलेली असते, कधी त्यात तीळ मिसळलेलेही असतात. भडंगाचं तसंच: चुरमुऱ्यात तीळ नसतात, पण त्यावर कुठला मसाला टाकला हे विचारल्याशिवाय खाऊ देऊ नकोस.

पाकिटाच्या मागच्या यादीवर भिस्त ठेवू नकोस. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून पाकिटावर तीळ लिहिणं सक्तीचं आहे. आपल्याकडच्या 2020 च्या नियमांत अॅलर्जीच्या पदार्थांची जी ठळक यादी द्यावी लागते तिच्यात दूध, शेंगदाणा, सोयाबीन आहेत, तीळ नाहीत. घटकांत नुसतं 'मसाले' लिहिलेलं असेल तर त्यातून तिळाचा पत्ता लागत नाही. आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं: आपल्या देशात वनस्पती तुपात निदान पाच टक्के तिळाचं तेल असावं असा जुना नियम आहे. तुपात वनस्पतीची भेसळ झाली तर तिळाच्या तेलामुळे तपासणीत लाल रंग येतो आणि चोरी पकडली जाते, त्यासाठी. रिफाइंड तेलात प्रथिनं फारच थोडी उरतात हे खरं. पण मी तरी वनस्पतीतली खारी आणि नानकटाई पोराला दिली नाही. घाण्याचं तिळाचं तेल तर अजिबात नको, दिवाळीच्या अभ्यंगालाही. अंगाला लावायचं असेल तर खोबरेल पुरे.

आता त्या रात्रीबद्दल. गांधी उठल्यावर तू तिला अॅलर्जीचं सिरप दिलंस आणि ती झोपली. नशीब. नुसत्या गांधी असतील तर सिरप ठीक आहे, नजर ठेवायची. पण गांधींबरोबर उलटी, खोकला, घोगरा आवाज, धाप किंवा एकदम मलूल होणं, यातलं काही आलं तर सिरप पुरत नाही. तिथे अॅड्रेनलिनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. परदेशात पेनासारखं तयार इंजेक्शन सर्रास मिळतं, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 1 मिलिलिटरची काचेची कुपी आणि सिरिंज यांवरच भागवावं लागतं. मात्रा वजनावर असते, किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. बाळी 15 किलोची आहे, म्हणजे 0.15 मिलिग्रॅम. 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम असणाऱ्या कुपीतून ते 0.15 मिलिलिटर होतं. अख्खी कुपी कधीच नाही. हा आकडा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे, 1 मिलिलिटरच्या सिरिंजवर ती रेघ कुठली ते त्यांच्यासमोर भरून दाखव, आणि भाच्यालाही शिकव, कारण तू बाहेर गेलेली असशील तेव्हा त्यालाच द्यावं लागणार. कुपी उन्हापासून दूर ठेव, फ्रिजमध्ये नको. मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लिही.

इंजेक्शन दिल्यावर तिला आडवी निजव, पाय थोडे वर. धाप लागत असेल तर मांडीत टेकवून बसव. कडेवर घेऊन पळत सुटू नकोस. 108 ला फोन कर आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात नेच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. पाच ते पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरी मात्रा लागते. म्हणून घरात दोन कुप्या हव्यात.

ही अॅलर्जी काही मुलांची मोठेपणी जाते, बहुतेकांची राहते. आमच्या थोरल्याची राहिली. आता तो पुण्यात खोलीवर असतो आणि खानावळीत ताट घेण्याआधी आचाऱ्याला मसाल्याबद्दल विचारतो. बाळीची गेली की नाही हे घरी चिमूटभर देऊन बघायचं नसतं, ते दवाखान्यात डॉक्टरांच्या समोर.

वन्संशी मी येत्या रविवारी बोलते. मसाल्यातून तीळ काढले की त्यांना सणाचे तीळही बंद केल्यासारखं वाटेल, म्हणून आधीच सांगते: भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी त्यांनी खुशाल करावी, पण चुलीवर बाहेर, वेगळ्या तव्यावर, आणि बाळीला उचलायच्या आधी हात साबणाने धुवून. नुसत्या पाण्याने जात नाही.

मिरची घेऊ नकोस अजून. ब्याडगी आणि संकेश्वरी दोन्ही मी इथल्या बाजारातून देठ काढलेली आणते, पाव-पाव किलो. येताना मिक्सरचं नवं भांडंही घेऊन येते. तुमच्या मिक्सरचं मॉडेल काय आहे तेवढं कळव.

तुझी,
मामी