डायरेक्ट इंजेक्शनचा व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतला जात नाही

प्रश्न: पेट्रोल गाडी घेतोय. काही जण म्हणतात डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात कार्बन साचतो, साधं पोर्ट इंजेक्शनच बरं. खरं काय? मायलेजमध्ये तरी फरक पडतो का?

कार्बन साचतो. मी तो स्वतःच्या हाताने खरवडून पाहिला आहे. पण तो कशाने साचतो आणि कशाने निघत नाही, याबद्दल लोक जे ठोकून देतात ते ऐकलं की मला राहवत नाही. आमच्या घरात याच विषयावर तीन महिने वाद चालला होता.

माझी गाडी 2014 ची, 1.2 लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, डायरेक्ट इंजेक्शन. घर चिंचवडला, नोकरी चाकणच्या टूल रूममध्ये. 2019 च्या डिसेंबरात, 68 हजार किलोमीटरच्या आसपास, सकाळी स्टार्ट केली की पहिला दीड मिनिट गाडी थरथरायची आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा. इंजिन तापलं की सगळं ठीक. स्कॅनर लावला तर P0302, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर. सर्व्हिस सेंटरने आधी प्लग बदलले, मग त्या सिलिंडरची कॉइल. अकरा हजार गेले, थरथर तिथेच. मी घरी दोन नंबरची कॉइल आणि प्लग चार नंबरला लावून पाहिले. कॉइलचा दोष असता तर कोड P0304 व्हायला हवा होता. तो दोनवरच राहिला. कॉम्प्रेशन मोजलं, चारही सिलिंडर जवळपास सारखे. म्हणजे ठिणगी ठीक, दाब ठीक. हे कागदावर लिहून नेलं तरी काउंटरवरच्या माणसाने टाकीत ओतायची क्लीनरची बाटली हातात ठेवली.

इथे आमचे साडू मध्ये पडले. त्यांचं म्हणणं, "अहो, साधं पेट्रोल टाकता म्हणून हे होतं. प्रीमियम भरा, दोन टाक्यांत इंजिन धुऊन निघेल." त्यांच्या जुन्या गाडीत ते वर्षानुवर्षं तेच भरत होते आणि ती कधी थरथरली नव्हती. मी म्हणत होतो की जिथे पेट्रोल पोचतच नाही ती जागा पेट्रोल कसं धुणार? पण ते वयाने मोठे, घरात शब्द त्यांचा. दोन टाक्या प्रीमियम भरलं, बाटलीही ओतली. काही फरक नाही.

पोर्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर मॅनिफोल्डच्या टोकाशी बसतो आणि तीन-चार बार दाबाने पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर मारतो. पेट्रोलमध्ये डिटर्जंट असतं, त्यामुळे व्हॉल्व्ह रोज धुतला जातो. साडूंची गाडी याच जातीची, म्हणून त्यांचा अनुभव त्यांच्यापुरता खरा. डायरेक्टमध्ये इंजेक्टर थेट सिलिंडरच्या आत, दाब दीडशे-दोनशे बार, नव्या इंजिनांत साडेतीनशेपर्यंत. व्हॉल्व्हच्या पाठीवरून जाते ती फक्त हवा. त्या हवेत क्रँककेसमधून परत ओढलेली ऑइलची वाफ असते, व्हॉल्व्हच्या दांड्यावरून थोडं ऑइल झिरपतं, आणि इनटेक व एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतात तेव्हा जळका वायूही मागे येतो. तापलेल्या व्हॉल्व्हवर हे सगळं भाजत राहतं. बाटलीतलं किंवा प्रीमियममधलं क्लीनर इंजेक्टरचं तोंड साफ ठेवतं, तेवढा त्याचा उपयोग. आणि ऑक्टेन नंबरचा धुण्याशी संबंध नाही, तो नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीची वाट न बघता आपोआप भडकणं, रोखण्याचा आकडा आहे.

शेवटी भोसरीच्या एका मेस्त्रींकडे मॅनिफोल्ड उतरवला. दूध करपलेल्या पातेल्याच्या बुडाला खरवड धरते ना, तशी काळी खरवड व्हॉल्व्हच्या पाठीवर होती. वरून तेलकट, आतून दगडासारखी. दांडा दुप्पट जाड दिसत होता. दोन नंबरचा थर सर्वांत वाईट, एका बाजूला फुगलेला. थंड इंजिनात आयडलिंगला आत येणारी हवा मुळात कमी. तिची वाट अशी अडली आणि वळण बिघडलं की त्या सिलिंडरचं मिश्रण धड पेटत नाही. तापल्यावर तेच इंजिन सांभाळून घेतं.

मेस्त्रींनी अक्रोडाच्या टरफलाचा भुगा कॉम्प्रेसरच्या हवेने मारून तो थर काढला, बाजूने व्हॅक्यूमने ओढत. टरफल कार्बन फोडतं, पण व्हॉल्व्हच्या पोलादाला चरा पडत नाही. प्रत्येक सिलिंडरआधी ते क्रँक हाताने फिरवून त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद असल्याची खात्री करत होते. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर भुगा सिलिंडरमध्ये जातो आणि मग इंजिन उघडावं लागतं. चार तास, सहा हजार रुपये. दुसऱ्या दिवशी थंड इंजिन एका फटक्यात, न थरथरता सुरू झालं.

आता मायलेज. पेट्रोलची वाफ होताना ते उष्णता शोषतं. पोर्टमध्ये त्यातली बरीच उष्णता तापलेल्या व्हॉल्व्हकडून आणि पोर्टच्या भिंतीकडून घेतली जाते. डायरेक्टमध्ये ती सिलिंडरमधल्या हवेतून घेतली जाते, हवा थंड होते, नॉकिंग लांबतं, त्यामुळे कॉम्प्रेशन रेशो वाढवता येतो किंवा छोट्या इंजिनावर टर्बोचा जास्त दाब घेता येतो. म्हणजे व्हॉल्व्ह धुणारा फवारा हवेला तेवढं थंड करू शकत नाही आणि हवेला थंड करणारा फवारा व्हॉल्व्ह धुऊ शकत नाही. माझ्या मते हा सगळा विषय एवढाच आहे. टोयोटाने डी-फोर-एस नावाच्या इंजेक्शन यंत्रणेत दोन्ही इंजेक्टर बसवले ते यासाठीच. अशी गाडी बजेटात बसत असेल तर डोळे झाकून घ्या. मायलेजचा मोठा भाग मात्र छोट्या इंजिनामुळे मिळतो, आणि पाय जड असेल तर टर्बो तो परत काढून घेतो.

साडूंच्या बाजूने एक सांगायला हवं. पोर्टच्या इंजिनातही व्हॉल्व्हवर थर बसतो. अमेरिकेत 1995 पासून पेट्रोलमध्ये डिटर्जंट सक्तीचं केलं ते पोर्ट इंजेक्शनच्या काळातच. तेव्हा चांगलं पेट्रोल भरणं ही त्यांची सवय त्यांच्या गाडीसाठी योग्यच आहे. माझ्या गाडीला ते औषध लागू नव्हतं, एवढंच मी म्हणत होतो. शिवाय प्रत्येक डायरेक्ट इंजिनाला 68 हजारांवर हे होईल असं नाही; क्रँककेसच्या वाफेतलं ऑइल वेगळं काढणाऱ्या सेपरेटरची रचना चांगली असेल तर लाखाच्या पुढेही काही होत नाही.

रोज दोन-तीन किलोमीटरच जाणं असेल तर पोर्टवालीच घ्या. थंड डायरेक्ट इंजिनात पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवर बसून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. हायवे जास्त असेल तर डायरेक्ट घ्या, ऑइल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं आणि मुदतीआधी बदला. जुनी घेत असाल तर रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी तुमच्यासमोर स्टार्ट करायला लावा. बॉनेटला हात लावून बघा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.