फोर ऑफ पेंटॅकल्स: मुठीत पैसा की माणूस?
टॅरोच्या प्रेमाच्या रीडिंगमध्ये फोर ऑफ पेंटॅकल्स हे कार्ड आलं की लगेच ‘जोडीदार चिक्कू आहे’ म्हणू नकोस. रायडर-वेट डेकमधलं त्याचं चित्र नीट बघ: एक नाणं छातीशी कवटाळलेलं, एक डोक्यावर, दोन पायांखाली. बिचाऱ्याला जागचं हलताही येत नाही. मग शेजारचं कार्ड बघ. मध्यंतरी एकीला शेजारी, भूतकाळाच्या जागी, तंगीचं कार्ड फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स आलं. मी विचारलं, नवऱ्याच्या घरी पूर्वी ओढाताण होती का? वडिलांचा धंदा बुडाला होता म्हणे. तेव्हापासून नवरा पासबुकसुद्धा कुलपात ठेवतो. ही पैशाची धास्ती. शेजारी जखडून ठेवणारं डेव्हिल कार्ड असतं, तर मी फोन तपासणं, मैत्रिणींकडे जायला आडकाठी, हे विचारलं असतं. आणि फोर ऑफ पेंटॅकल्स जोडीदाराऐवजी तिच्याच जागी पडलं, तर मूठ तिची आवळलेली असते. नवशिके इथेच चुकतात.