जिना चढताना गुडघा दुखतो

वय ४८. दादरचा पूल चढताना उजवा गुडघा दुखतो, संध्याकाळी सुजतो. झीज, लिगामेंट की संधिवात?

सूज किती वेळात येते, त्यावर बरंच कळतं. पाय मुरगळून दोन-चार तासांतच गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साठलेलं असू शकतं. तिथे लिगामेंटचा संशय घ्यायचा. तुमची सूज दिवसभराच्या चढउतारानंतर येते, म्हणजे बहुधा वाटीमागची झीज. जिन्यावर वाटीवर वजनाच्या कितीतरी पट दाब येतो, सपाट फलाटावर नाही. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात सुटतो ना? तासभर टिकला, बोटंही सुजली, तर संधिवाताची तपासणी करा. झिजेत मांडीचे स्नायू बळकट करा: खुर्चीत बसून पाय सरळ उचला, दहा अंक मोजून सोडा. गुडघा लाल, गरम आणि अंगात ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.