मेल सुधारा, मागे घेऊ नका

प्रश्न : वकीलसाहेब, इंदूरला रामबागेत माझा फराळाचे पदार्थ करून विकण्याचा व्यवसाय आहे. सांवेर रोडच्या एका छोट्या कारखान्याकडून 20,000 छापील पाऊच घेतले, 4 रुपये नगाप्रमाणे. माल 4 जूनला आला. बऱ्याच पाऊचचं सील सुटत होतं, म्हणून 11 जूनला मी तक्रारीचा मेल केला. त्यात चुकून ‘4 मे रोजी मिळालेला माल’ आणि ‘5,200 पाऊच खराब’ असं लिहिलं गेलं. खराब पाऊच खरे 2,500 आहेत. आज 24 जून, कारखानदाराचं अजून उत्तर नाही, पैसेही मी दिलेले नाहीत. भाचा म्हणतो, ‘आधीचा मेल रद्द समजावा’ असं लिहून नवा मेल पाठव. तसं करू का?

उत्तर : नाही ताई. नवा मेल आजच पाठवा, पण त्यात ‘रद्द समजावा’ हे शब्द येऊ देऊ नका. ‘दुर्लक्ष करावे’ किंवा ‘त्याऐवजी हा मेल धरावा’ हेही नको. तुमची चूक दोन जागी झाली आहे, पण त्या मेलमधली तिसरी गोष्ट, म्हणजे 11 जूनला लेखी तक्रार केली ही, अगदी बरोबर आहे आणि तीच सर्वांत मोलाची आहे.

कारण सांगतो. आधी कारखानदाराच्या बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. असेल आणि तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर 2006 चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम तुमच्या व्यवहाराला लागू होतो. त्याच्या कलम 2 मध्ये म्हटलं आहे की, माल मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर पुरवठादार ती हरकत दूर करेल तो दिवस माल स्वीकारल्याचा दिवस धरायचा. 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल हातात पडला त्याच दिवशी तो स्वीकारला असं मानलं जातं. पैसे देण्याची मुदत या दिवसापासून मोजतात आणि ती संपली की उशिरावरचं व्याज सुरू होतं.

आता तुमच्या तारखा यावर ठेवून बघा. माल 4 जूनला आला, म्हणजे 15 दिवस 19 जूनला संपले. तुमचा मेल सातव्या दिवशी गेला, तो मुदतीत आहे. तो ‘रद्द’ करून आज नवा पाठवलात, तर तुमची हरकत 24 जूनची ठरेल आणि समोरचा वकील म्हणेल, ‘यांनी स्वतःच पहिली तक्रार मागे घेतली, दुसरी मुदतीनंतरची आहे.’ उलट काहीच दुरुस्ती न करता बसलात, तर तो तुमचंच वाक्य पुढे करेल : माल 4 मेला मिळाला, तक्रार 11 जूनला केली, म्हणजे 38 दिवसांनी. म्हणून आज फक्त चुकलेले दोन शब्दसमूह बदलायचे आणि बाकीचा मेल त्याच्या मूळ तारखेसह उभा ठेवायचा.

तुम्ही लिहिलेली ‘4 मे’ ही तारीख न्यायालयाच्या भाषेत कबुली ठरते. पण भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 25 नुसार कबुली हा निर्णायक पुरावा नसतो, ती चुकीची होती हे दाखवता येतं. मात्र समोरच्याने तिच्यावर विसंबून काही पाऊल उचललं, तर तीच कबुली तुम्हाला बांधू शकते. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, हे तुमच्या फायद्याचं आहे. दुरुस्ती त्याच्या उत्तराच्या आधी गेली, तर ‘अडचणीत आल्यावर तारीख फिरवली’ असं म्हणायला त्याला फारशी जागा राहत नाही.

शिवाय दुरुस्तीला आधार त्याच्याच कागदांचा द्या. त्याचं बिल आणि तुमच्या सहीचा डिलिव्हरी चलान काढा. बिल जूनचं असेल, तर माल मे महिन्यात येणं शक्यच नव्हतं. दोन्ही कागदांचे फोटो मेलला जोडा.

मेल कसा पाठवायचा तेही महत्त्वाचं आहे. पाठवलेल्या मेलमधून 11 जूनचा तोच मेल उघडा आणि त्यालाच ‘सर्वांना उत्तर’ द्या, म्हणजे जुना मजकूर खाली आपोआप दिसेल आणि त्या वेळी ज्यांना प्रत गेली होती, त्या प्रत्येकाला दुरुस्तीही जाईल. त्यांच्या हिशेबनिसाला प्रत गेली असेल, तर तो सुटता कामा नये. नाहीतर मालकाकडे 2,500 आणि हिशेबात 5,200 असं होईल. विषयाची ओळ बदलू नका. जीमेलमध्ये विषय बदलला की उत्तर वेगळ्या धाग्यात जातं आणि वाचणाऱ्याला ती नवीनच तक्रार वाटते. ‘दुरुस्ती’ हा शब्द मजकुराच्या पहिल्या ओळीत घाला. मजकूर साधारण असा ठेवा, पत्रव्यवहार हिंदीत असेल तर हिंदीत :

‘दुरुस्ती. माझ्या 11 जूनच्या मेलमध्ये लिहिताना दोन चुका झाल्या. “4 मे रोजी मिळालेला माल” याऐवजी “4 जून रोजी मिळालेला माल” असे वाचावे. “5,200 पाऊच खराब” याऐवजी “2,500 पाऊच खराब” असे वाचावे. आपले बिल आणि सहीचे चलान सोबत जोडले आहे. 11 जूनच्या मेलमधील बाकी सर्व मजकूर आणि माझी हरकत त्या तारखेपासून कायम आहे. खराब पाऊच वेगळे ठेवले आहेत. ते केव्हा तपासाल ते कळवावे.’

एवढंच पुरे. माफीचा लांब परिच्छेद नको, चूक कोणाच्या हातून झाली तेही नको. आणखी एखादा मुद्दा सुचला, जसं छपाईचा रंग फिका असल्याचा, तर तो या मेलमध्ये घालू नका. तो घातला की दुरुस्ती कुठे संपते आणि नवी तक्रार कुठे सुरू होते ते कळत नाही. व्हॉट्सॲपवर कळवायचं असेल, तर ‘दुरुस्तीचा मेल पाठवला आहे, पाहावा’ इतकंच लिहा. आकडे तिथे पुन्हा टाइप करू नका.

पाठवण्याआधी खराब पाऊच पुन्हा मोजा, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. एकदा केलेली दुरुस्ती लोक समजून घेतात. दुरुस्तीचीच दुरुस्ती आली की तुमच्या तिन्ही आकड्यांवर संशय बसतो. कारखानदार पुढे त्या मालापोटी क्रेडिट नोट देईल, तीही याच आकड्यावर निघेल.

जुना मेल पुसू नका. प्रकरण न्यायालयात गेलं, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रासह दोन्ही मेल दाखवावे लागतील आणि दोन्ही एकत्र वाचले तरच तुमची बाजू स्पष्ट होते.

बिलावर उद्यम क्रमांक नसला आणि तो कायदा लागू होत नसला, तरी हाच मेल पाठवा. मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 42 प्रमाणे वाजवी मुदतीत माल नाकारल्याचं कळवलं नाही, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. तिथेही 11 जून ही तारीख तुमच्या कामाची आहे.

राहिले पैसे. खराब 2,500 पाऊचचे 10,000 रुपये वादात आहेत. उरलेल्या 17,500 पाऊचचे 70,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यावर तुमची काहीच हरकत नाही, मग ते अडवून ठेवू नका. 2006 चा कायदा लागू असेल, तर पैसे देण्याची लेखी ठरलेली तारीखही माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. लेखी काही ठरलंच नसेल, तर मुदत 15 दिवसांचीच असते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. ही रक्कम आजच बँकेतून पाठवा आणि पैसे पाठवताना शेऱ्यात बिल क्रमांक व ‘17,500 नगांपोटी’ असं लिहा.