लांब पल्ल्याच्या गाडीला थांबा मागताना निवेदनात काय लिहावं?

प्रश्न: आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, कोकण रेल्वेवर. स्टेशनवर पॅसेंजर आणि एकदोन गाड्या थांबतात, बाकी सगळ्या धाडधाड निघून जातात. केरळला जाणारी एक एक्स्प्रेस थांबावी म्हणून नऊ गावांनी मिळून निवेदन द्यायचं ठरवलंय. कोणाला द्यावं, काय लिहावं? दोन हजार सह्या पुरतील का?

उत्तर:

सह्या वाया जात नाहीत, पण त्यांच्यावर थांबा मिळत नाही. मी बरीच वर्षं स्टेशन मास्तर होतो. अशी निवेदनं माझ्या टेबलावरून वर गेली आणि त्यांवर वरून आलेली विचारणाही माझ्याकडेच यायची. त्या विचारणेत सह्यांबद्दल कधी काही नसे. या स्टेशनवरून किती तिकिटं जातात, उत्पन्न किती, गाडी किती डब्यांची, फलाट किती लांब, एवढंच विचारलेलं असे.

म्हणून आधी आपलं स्टेशन ओळखा. नुसता 'हॉल्ट' असेल, म्हणजे एकच रूळ, सिग्नल नाहीत आणि तिकीट खिडकीवर एजंट, तर लांब पल्ल्याची गाडी मागण्यात फारसा अर्थ नाही. क्रॉसिंग स्टेशन असेल तर बाजू बरीच भक्कम होते. आपला मार्ग अजून बहुतांश एकेरी आहे, त्यामुळे समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी एक्स्प्रेस कित्येकदा लहान स्टेशनच्या लूपवर, म्हणजे बाजूच्या जादा रुळावर, उभ्या राहतात. लोक म्हणतात, "गाडी रोज थांबतेच की, मग दार उघडायला काय जातं?" निवेदनात हा मुद्दा जरूर घाला, पण बेताने. क्रॉसिंगची जागा उशिरानुसार बदलते, आणि पावसाळी वेळापत्रक लागलं की सगळं गणितच वेगळं होतं. महिनाभर गाडीची नोंद ठेवा. ती आपल्याकडे बहुतेक दिवशी उभी राहत असेल तर तारखा आणि वेळा जोडा. चारदोन दिवसांच्या नोंदीवर दावा केलात तर परिचालन विभाग एका ओळीत तो खोडून काढेल.

फलाट मोजायला विसरू नका. बावीस डब्यांची गाडी इंजिन धरून साडेपाचशे मीटरच्या आसपास भरते. फलाट तोकडा असेल तर मागचे डबे खडीवर उभे राहतात आणि म्हाताऱ्या माणसांना तिथून उड्या माराव्या लागतात. अशा वेळी थांब्यासोबत फलाटवाढही मागावी लागते, आणि तिचा खर्च व वेळ दोन्ही मोठे असतात.

आता तिकिटांचं. लहान स्टेशनची खरी कोंडी इथेच आहे. गाडी थांबत नाही म्हणून तुमची माणसं रिक्षा करून चिपळूणला किंवा रत्नागिरीला जातात आणि तिकीटही तिथलंच काढतात. कागदावर उत्पन्न त्या स्टेशनचं वाढतं, तुमचं शून्य राहतं. मग उत्तर येतं की प्रवासीसंख्या पुरेशी नाही.

ही कोंडी फोडायला दोन कागद हवेत. पहिला माहिती अधिकारातून मिळतो. कोकण रेल्वे महामंडळाकडे दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा आणि आपल्या स्टेशनची गेल्या तीन वर्षांची प्रवासीसंख्या व उत्पन्न महिनावार मागा. शेजारच्या मोठ्या स्टेशनचंही मागा. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. दुसरा कागद तुम्ही स्वतः तयार करायचा. नऊही गावांत महिनाभर प्रवाशांची यादी करा: कोण, कुठे, कोणत्या गाडीने गेलं, कुठून चढलं. शक्य तिथे तिकिटाची प्रत घ्या.

यादी झाली की तिचे दोन भाग करा. समजा महिन्याला 140 प्रवासी निघाले. त्यांतले 95 शेजारच्या स्टेशनवरून त्याच गाडीने गेले आणि 45 खासगी बसने. तुम्हाला 140 हा आकडा मिरवावासा वाटेल. पण ते 95 जण आजही रेल्वेलाच पैसे देतात, फक्त दुसऱ्या खिडकीवर. रेल्वेला खरोखर नवे मिळतात ते 45. सरासरी भाडं 400 रुपये धरलं तर महिन्याचे 18,000, म्हणजे रोजचे 600. गाडी दोनच मिनिटं थांबली तरी ब्रेक लावून उभी राहणं आणि पुन्हा वेग घेणं यात आणखी काही मिनिटं आणि वीज जाते. रेल्वे त्याची किंमत काही हजारांत धरते. म्हणजे 600 रुपयांत हे बसत नाही. हा हिशेब तुम्ही केला नाहीत तरी ते करतातच, म्हणून आधीच करून पाहा.

याच हिशेबातून गाडी कोणती मागायची तेही कळतं. केरळच्या गाडीचा बर्थ तुमचा माणूस मुंबईपर्यंत अडवतो, तेव्हा टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्याला तो मिळत नाही असा आक्षेप हमखास येतो. यादीत मडगाव, मंगळूर, एर्नाकुलमला जाणारे बरेच असतील तर केरळची गाडी मागणं शोभतं. सगळे मुंबईचेच चाकरमानी असतील तर मी म्हणेन, मुंबई-गोवा मार्गावरची दिवसाची गाडी मागा. पाच गाड्यांची यादी तर मुळीच देऊ नका. एकच गाडी, क्रमांकासह, दोन्ही दिशांना. ती तुमच्याकडे रात्री दोनला पोचणार असेल तर तसं मिळून काय करायचं, याचाही विचार करा.

कोणाला द्यायचं? रत्नागिरीचे क्षेत्रीय रेल्वे व्यवस्थापक आणि बेलापूरचं मुख्यालय, दोघांनाही, आणि पोच घ्या. पण लक्षात ठेवा, रूळ कोकण रेल्वेचे असले तरी गाडी तिची असतेच असं नाही. मुंबईहून केरळला जाणारी नेत्रावती एक्स्प्रेस दक्षिण रेल्वेची आहे, त्या विभागाचं मुख्यालय चेन्नईला. त्यामुळे एक प्रत तिकडे, आणि शेवटचा निर्णय रेल्वे बोर्डाचा म्हणून दिल्लीलाही. खासदारांचं पत्र लागतंच. मात्र त्यांच्या कार्यालयाला कोरं पत्र लिहायला सांगू नका, तुमचा एका पानाचा गोषवारा द्या आणि तेच आकडे त्यांच्या पत्रात जाऊ द्या. दोन पत्रांत दोन आकडे गेले की फाइल तिथेच बसते.

मजकूर साधा ठेवा. पहिल्याच परिच्छेदात असं काही: "गाडी क्र. अमुक हिला आमच्या स्टेशनवर दोन्ही दिशांना दोन मिनिटांचा प्रायोगिक थांबा मिळावा. सोबत नऊ गावांतील एका महिन्याच्या प्रवासाची यादी, माहिती अधिकारातील उत्तर आणि गाडी येथे क्रॉसिंगसाठी थांबल्याच्या नोंदी जोडल्या आहेत." गावची देवस्थानं, हुतात्मे, इतिहास शेवटी दोन ओळींत पुरे.

'प्रायोगिक' हा शब्द मुद्दाम घाला. नवे थांबे बहुधा तसेच, साधारण सहा महिन्यांसाठी मिळतात. संगमेश्वर रोडला नेत्रावतीचा थांबा 2022 मध्ये असाच प्रायोगिक म्हणून मिळाला, तोही लोकांनी दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावर.

त्या सहा महिन्यांत गावं गाफील राहतात. नव्या थांब्याला आरक्षणाचा कोटा तुटपुंजा असतो, वेटिंग दिसतं, मग लोक सवयीने रत्नागिरीचं तिकीट काढतात आणि आपल्या स्टेशनवर उतरतात. हिशेबात दिसतं ते तिकिटावरचं स्टेशन, तुम्ही कुठे उतरलात ते नाही. म्हणून थांबा मंजूर झाला त्याच आठवड्यात मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्टेशनचा कोड टाका, आणि गणपतीचं बुकिंग त्याच कोडने करायला सांगा.