भिजवण्याला नावं ठेवण्याआधी पाणी बघा

*प्रश्न: कुळीथ आणि मटकी रात्रभर भिजवूनही नीट शिजत नाहीत. नक्की किती तास भिजवायचं? आणि शिजवल्यावर उरलेलं पाणी मी ओतून देते, ते चूक आहे का?*

ओतून देता? अहो, कुळीथ शिजवायचे ते त्या पाण्यासाठीच. दाणे उसळीला जातात ते जातात, पण खरा माल कळणात असतो. भिजवलेलं पाणी मात्र खुशाल ओता. ते तुरट लागतं आणि पोटात गुडगुड करतं. ही दोन पाणी वेगळी आहेत, एवढं आधी डोक्यात ठेवा.

आता भिजवण्याचं. "तू नीट भिजवत नाहीस" हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या माहेरी कुळीथ म्हणतात, सासरी हुलगे. लग्नानंतर आम्ही नव्या घरात राहायला गेलो आणि पहिल्याच महिन्यात नणंद चार दिवस आली. मी हौसेने कळणाचा बेत केला. कुळीथ निवडले, रोळून खडे काढले, बारा तास भिजवले. चांगले टचटचीत फुगले होते. सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात वन्संनी स्वतःच कुकर लावला आणि आंबटपणा मुरावा म्हणून चार आमसुलं आतच टाकली. आठ शिट्ट्या झाल्या. उघडून बघितलं तर दाणे तसेच. आणखी सहा शिट्ट्या, तरी दाताखाली कचकच. वन्सं म्हणाल्या, "अगं, भिजवलेस कधी, पहाटे? हे छर्रे आहेत." मग त्यांनीच सोडा घातला. सालं सुटून वर आली, कळण बुळबुळीत झालं आणि त्याला साबणासारखा वास यायला लागला. जेवताना सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आमसुलाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

पुढे त्या घरात तूरडाळसुद्धा रडतरखडत शिजायची. गरम पाण्याच्या पातेल्याला आतून पांढरा थर बसायचा, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बोअरचं जड पाणी होतं ते. मग एका रविवारी मी प्रयोग केला. एकाच डब्यातले कुळीथ घेतले. अर्धी वाटी बोअरच्या पाण्यात भिजवले आणि एक वाटी आरओ फिल्टरच्या. दोन्हीकडे सारखेच फुगले, हे लक्षात घ्या. सकाळी फिल्टरवाल्यांचे दोन भाग केले आणि एका भागात दोन आमसुलं टाकली. अशा तीन वाट्या, तिन्हीत ज्याचं त्याचं पाणी, एकाच कुकरमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या. एक शिट्टी झाल्यावर गॅस बारीक केला आणि चाळीस मिनिटं हात लावला नाही.

फिल्टरच्या पाण्यातला दाणा दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा चिरडला. बोअरच्या पाण्यातल्याची साल मऊ होती, पण आत रवाळ. आमसूल घातलेला मात्र सरळ कडक.

कारण सोपं आहे. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. तो विरघळला की दाणा मऊ होतो. पाण्यातला चुना त्याला घट्ट धरून ठेवतो आणि आंबट पदार्थ त्याला विरघळू देत नाही. भिजवल्याने पाणी आत जातं, पण हा डिंक उष्णतेनेच सुटतो. म्हणून दाणे फुगले असूनही शिजत नसतील तर भिजवण्याचे तास वाढवून काही होत नाही. सोड्याने तो पटकन सुटतो हे खरं, पण चव जाते आणि ब-१ जीवनसत्त्वही जातं. मी घालत नाही.

दाणे फुगलेच नाहीत तर गोष्ट वेगळी. ते गणंग. भिजवल्यानंतर ताटात पसरून हलवा. लहान, चकचकीत राहिलेले दाणे टणटण वाजतात. ते वेचून टाका, कुकर त्यांचं काही वाकडं करू शकत नाही. फारच निघाले तर पुढच्या वेळी कढत पाण्यात भिजत घाला.

माझी पद्धत अशी. एक वाटी कुळीथ दहा-बारा तास आरओ फिल्टरच्या पाण्यात. तसा फिल्टर नसेल तर पाणी दहा मिनिटं उकळून, गार करून, तळाचा गाळ सोडून वरचं घ्यायचं. सगळा जडपणा जात नाही, पण फरक पडतो. भिजवलेलं पाणी ओतून सहा वाट्या ताजं पाणी घालते. कुकर अर्ध्याच्या वर भरत नाही, कारण कडधान्याचा फेस येतो आणि शिट्टीत अडकतो. एक शिट्टी, मग बारीक गॅसवर अर्धा तास. झाकण आपोआप सुटेपर्यंत थांबायचं. गाळलं की साधारण चार वाट्या लालसर तपकिरी पाणी मिळतं. त्यात शिजलेले मूठभर दाणे वाटून घालते, नाहीतर कळण नुसतं पाण्यासारखं लागतं. तुपात जिरं, ठेचलेला लसूण, हिंग, कढीपत्ता आणि सुकी मिरची. उकळी आली की मीठ. मग गॅस बंद करून आमसूल आणि अर्धी वाटी नारळाचं दूध. नंतर उकळलंत तर फाटेल.

मटकीचं थोडक्यात सांगते. तिला आठ तास पुरतात, मोड आणले असतील तर उघड्या पातेल्यात दहा-बारा मिनिटं. मोडाची मटकी कुकरला लावलीत तर पिठलं होईल. तिचं पाणी फिकट आणि हलकं असतं, त्यामुळे त्याचं वेगळं कळण करण्यापेक्षा मी ते त्याच उसळीच्या रश्शात किंवा भाकरीचं पीठ मळायला वापरते.

मीठ आधी घातलं तर कडधान्य शिजत नाही, असंही वन्सं म्हणायच्या. तेही खोटं. भिजवायच्या पाण्यात लिटरला चहाचा एक चमचा मीठ घातलं तर उलट दाणे लवकर मऊ होतात. फक्त मोड आणायचे असतील तेव्हा घालू नका.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या दिवशीचे कुळीथ जुने होते. सासूबाईंनी दिलेला डबा, शेगडीच्या वरच्या फळीवर किमान दोन उन्हाळे काढलेला. उष्ण, दमट जागी राहिलेलं कडधान्य फुगतं पण शिजायला त्रास देतं. म्हणजे सगळा दोष आमसुलाचा नव्हता. वन्संना हे मी अजून सांगितलेलं नाही.

मूतखड्यासाठी कुळथाचं पाणी पिणार असाल तर ते डॉक्टरांना विचारा, मी चवीपुरतं बोलतेय. उरलेलं कळण फोडणी आणि नारळाचं दूध घालायच्या आधीच फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवस टिकतं. बाहेर राहिलं तर उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत वर बारीक फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. तेव्हा मात्र खुशाल ओता.